पाटी वाचून परत फिरणाऱ्यांसाठी

डोंबिवलीत पूर्वेला संध्याकाळच्या गाडीतून उतरलेल्या गर्दीबरोबर चालत गेले, तर दहा मिनिटांत किमान चार-पाच शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. त्यांतच कुठेतरी पहिल्या मजल्यावर योगवर्गाची पाटी असते. पन्नाशीची एखादी गृहिणी हातातली भाजीची पिशवी सावरत ती पाटी वाचते, जिन्याकडे एकदा पाहते आणि पुढे चालू लागते. वर्ग घराजवळ आहे, वेळ सोयीची आहे, शुल्कही परवडण्याजोगे आहे. तरीही ती जिना चढत नाही. ‘हे आपल्यासारख्यांसाठी नसावे’ असा निष्कर्ष तिने पाटी वाचता वाचताच काढलेला असतो.

योगवर्ग सुरू करणारे बहुतेक शिक्षक नावाचा विचार स्वतःच्या बाजूने करतात. आपली परंपरा, आपली साधना, आपल्याला भावलेला एखादा संस्कृत शब्द यांतून नाव जन्माला येते. पाटी वाचणाऱ्याला मात्र त्या शब्दाच्या अर्थाशी फारसे कर्तव्य नसते. तो नावातून एकच गोष्ट शोधत असतो, ती म्हणजे आत आधीपासून कोण बसले आहे आणि त्यांच्यात मी शोभेन का. बिचकणाऱ्या माणसासाठी नाव ठेवायचे तर सुरुवात या प्रश्नापासून करावी लागते.

शेवटचा शब्द अधिक बोलतो

योगसंस्थांच्या नावांत साधारणपणे दोन भाग असतात. पहिला ओळखीचा आणि दुसरा जागेचा किंवा समूहाचा. आपण बहुधा पहिल्या भागावर डोके खपवतो, परंतु आत कोण आहे हे सांगण्याचे काम दुसरा भाग करतो. ‘पीठ’ म्हटले की उच्चासनावरचे गुरू डोळ्यांपुढे येतात. ‘धाम’ म्हटले की घरदार मागे ठेवून जाण्याची जागा वाटते. ‘कुटीर’ साधेपणा सुचवते. ‘स्टुडिओ’ म्हटले की आरसे, घट्ट कपडे आणि सडपातळ तरुणाई दिसू लागते. ‘केंद्र’ हा शब्द कोणालाही घाबरवत नाही, मात्र कोणाला जवळही घेत नाही, कारण त्याला सरकारी कामकाजाचा वास आहे. ‘वर्ग’ या शब्दात एक मोठी सोय दडलेली आहे. वर्गात न येणारेच शिकायला येतात, हे आपण शाळेपासून जाणतो.

महाराष्ट्रातील जुन्या संस्थांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. सांताक्रूझच्या योग संस्थेचे कार्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये सुरू केले. तिचे नाव जवळजवळ विशेषणरहितच आहे. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या नावात स्वामींचे नाव आहे, पण त्यालगतच ‘योगाभ्यासी’ हा शब्द आहे. आत सिद्ध नव्हे तर अभ्यास करणारी माणसे जमतात, असे ते नाव सांगते. ठाण्यातील घंटाळी मित्र मंडळाच्या नावात तर योग हा शब्दच नाही. त्यात आहे तो परिसर आणि मैत्री. गल्लीतल्या मित्रमंडळात जायला कोणाला पात्रता लागत नाही, आणि त्या शब्दाचा हा आपलेपणा योगवर्गालाही आपोआप लाभतो.

या नावांना काही दशकांच्या कामाचे पाठबळ आहे, हे विसरून चालणार नाही. कालपरवा उघडलेल्या वर्गाकडे ती पुण्याई नसते. त्याच्या दारात पाटीखेरीज सांगणारे कोणी नाही. म्हणून नव्या वर्गाने नावाचा विचार अधिक काटेकोरपणे करायला हवा. तो कसा करावा, हे एका कल्पित पण नित्य दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहू.

आधी भीती, मग नाव

समजा, डोंबिवलीच्या रामनगर परिसरात एका शिक्षिकेने पहिल्या मजल्यावर चारशे चौरस फुटांची खोली भाड्याने घेतली आहे. एका चटईला आजूबाजूच्या मोकळ्या जागेसह पंचवीस ते तीस चौरस फूट लागतात, म्हणजे एका वेळी बाराजण व्यवस्थित मावतील. तिला शिकवायचे आहे ते कधीही आसन न केलेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना. तिने मनात एक नाव योजून ठेवले आहे: ‘पूर्णत्व योगसाधना पीठ’.

पाटी रंगवायला टाकण्यापूर्वी तिने एक साधे काम करावे. ओळखीतल्या दहा-बारा अशा माणसांना गाठावे, ज्यांना योग करावासा वाटतो पण ज्यांनी अजून सुरू केलेला नाही. त्यांना नावाबद्दल काहीही विचारू नये. ‘आजवर का गेला नाहीत?’ एवढेच विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावीत. अशा वेळी पुन्हा पुन्हा कानी पडणारी उत्तरे ठरावीक असतात. ‘मला मांडीच घालता येत नाही.’ ‘सगळ्यांपुढे वाकायचे म्हणजे लाज वाटते.’ ‘तिथे सगळ्या तरुण मुली असतील.’ ‘ॐकार, श्लोक म्हणायला लावतील का? आमच्यात ते नसते.’ ‘एकदा गेले की वर्षाचे पैसे भरून घेतात.’

ही टिपणे म्हणजे नावाची खरी परीक्षा. प्रत्येक सुचलेले नाव या पाच उत्तरांसमोर धरायचे आणि ते कोणती भीती वाढवते, कोणती कमी करते, हे पाहायचे. ‘पूर्णत्व योगसाधना पीठ’ हे नाव जवळजवळ सगळ्याच भीती वाढवते. ज्याला मांडी घालता येत नाही त्याच्यापुढे ते पूर्णत्व ठेवते. साधना हा शब्द कठोर शिस्तीची जाणीव करून देतो. अन्य धर्माच्या शेजाऱ्याला पीठ हा शब्द दूरचा वाटतो. नाव वाईट नाही. ते दहा वर्षे साधना केलेल्या शिक्षिकेला शोभणारे आहे, पण पहिल्या दिवशी येणाऱ्याचे नाही.

चांगल्या हेतूने ठेवलेली नावे कुठे फसतात?

भारदस्त नाव बाजूला ठेवले की विचार सोपेपणाकडे वळतो, आणि तिथेही काही खळगे आहेत.

पहिला शब्द सुचतो तो ‘सहज’. परंतु ‘सहज योग’ हे एका सुविख्यात आध्यात्मिक चळवळीचे नाव आहे. माताजी निर्मलादेवींनी ती १९७० मध्ये सुरू केली. तिच्याशी संबंध नसताना ते नाव लावले तर चुकीची माणसे येतील, आणि योग्य माणसे चुकीचा समज करून घेतील. सुचलेला शब्द योग या शब्दाशेजारी ठेवताच दुसराच अर्थ उभा राहतो का, हे दरवेळी तपासावे लागते.

दुसरा मोह असतो नवख्यांना नावातच हाक मारण्याचा, जसे ‘नवशिक्यांचा योगवर्ग’ किंवा ‘प्रारंभ योग’. भीतीवर हा थेट उपाय वाटतो. पण ‘मी नवशिक्यांच्या वर्गाला जाते’ हे वाक्य चारचौघांत बोलायला कोणाला आवडेल? नाव माणसाच्या कपाळावर त्याच्या उणिवेची चिठ्ठी चिकटवते. शिवाय सहा महिन्यांनी तोच माणूस नवशिका राहत नाही आणि त्याला नाव तोकडे पडू लागते. नवखेपणाचा उल्लेख तुकडीच्या नावात किंवा पाटीच्या दुसऱ्या ओळीत शोभतो, संस्थेच्या नावात नाही.

तिसरा खळगा आजाराचा. ‘योगोपचार’, ‘आरोग्य’, ‘वेदनामुक्ती’ यांसारख्या शब्दांनी गुडघेदुखीचे लोक येतात, मात्र आजारी नसलेल्यांना ती जागा दवाखान्यासारखी वाटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असे नाव उपचाराचे वचन देते आणि ते पाळण्याचे सामर्थ्य साध्या योगवर्गात नसते.

चौथा खळगा योगशास्त्रातीलच परिचित शब्दांचा. ‘सुखासन’ हे नाव किती निरुपद्रवी वाटते! पतंजलींनीही आसनाच्या लक्षणात स्थैर्यासोबत सुख सांगितले आहे. पण सुखासन म्हणजे मांडी घालून बसणे, आणि टिपणातले पहिलेच उत्तर आहे ‘मला मांडीच घालता येत नाही’. शिक्षिकेला ज्या शब्दात विसावा दिसतो, त्याच शब्दात त्या माणसाला आपले दुखरे गुडघे दिसतात.

घरातल्या शब्दांची पारख

आता योगाच्या कोशाबाहेर पडून घरातल्या, वापरातल्या शब्दांकडे वळावे. ‘विसावा’ गोड आहे, पण निवासस्थाने, बंगले आणि वृद्धाश्रम यांना तो इतक्या वेळा दिला गेला आहे की पाटी वाचणाऱ्याला तेच आठवेल. ‘अंगण’ मोकळे आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच अंगणवाडी येते आणि वर्ग मुलांचा वाटतो. ‘शेजार’ या शब्दात आपुलकी आहे, तशीच एक अडचणही आहे. ज्याला वाकताना लाज वाटते त्याला सर्वांत अधिक लाज शेजाऱ्यांचीच वाटते.

उरतो ‘ओसरी’. जुन्या घरात ओसरी ही अंगण आणि माजघर यांच्या मधली जागा. येणाऱ्याने तिथे टेकावे, पाणी प्यावे, दोन शब्द बोलावेत. आत बोलावले तर जावे, नाही तर तिथूनच परतावे. यात कोणाचाही अपमान नव्हता. बिचकणाऱ्या माणसाला नेमकी हीच मुभा हवी असते, पूर्ण आत न शिरता थोडे बसून पाहण्याची. हा शब्द कोणत्याही एका पंथाचा नाही, वयाचा नाही, शरीरयष्टीचा नाही. गुजरातीतही तो ओसरीच आहे आणि हिंदीत त्याचा ‘ओसारा’ हा सख्खा भाऊ आहे, म्हणून अमराठी शेजाऱ्यालाही तो परका वाटत नाही.

त्याला एक म्हण चिकटलेली आहे, ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’. कोणीतरी ती ऐकवणारच. नाव निवडताना अशी थट्टा आधीच शोधून ठेवावी आणि ती बोचरी आहे की निर्मळ, हे ठरवावे. इथे येऊन हातपाय पसरायचेच असल्याने थट्टा वर्गाच्या बाजूने जाते. ती बोचरी ठरली असती, तर नाव सोडून देणे शहाणपणाचे झाले असते.

बोलून, ऐकून, लांबून पाहणे

कागदावर आवडलेले नाव तोंडात बसते का, हे पाहण्यासाठी तीन चाचण्या पुरेशा आहेत.

पहिली विभक्तीची. मराठीत नाव एकटे राहत नाही, त्याला प्रत्यय लागतात. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाचे उत्तर त्या नावाने देऊन पाहावे. ‘पूर्णत्वात जाते’ म्हटले तर ऐकणारा दचकेल. इंग्रजी जोडनावांना ‘ला’ लावताना जीभ अडखळते. ‘ओसरीवर जाते’ हे मात्र मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या म्हणत आला आहे. जे नाव वाक्यात सहज मुरते, ते सांगताना माणूस संकोचत नाही, आणि उपनगरात वर्गाची माहिती पाटीपेक्षा अशा वाक्यांतूनच अधिक पसरते.

दुसरी दूरध्वनीची. चालत्या लोकलच्या गोंगाटात नाव एकदा सांगावे आणि पलीकडच्याने ते परत म्हणून दाखवावे. दुसऱ्यांदा सांगावे लागले तर एक गुण वजा, अक्षरे फोडून सांगावी लागली तर नाव बाद. हीच चाचणी रोमन लिपीतही घ्यावी, कारण मोबाइलवर नकाशात शोधताना अनेकजण तीच वापरतात. ‘ओसरी’ हा शब्द कोणी Osari असा लिहील, कोणी Osri असा. एक लेखन पाटीवर, नकाशात आणि पत्रिकेवर सारखेच ठेवावे आणि दुसऱ्या लेखनानेही वर्ग सापडतो का, हे स्वतः शोधून पाहावे.

तिसरी चाचणी रस्त्याच्या पलीकडून. पाट्या करणारे साधारणपणे दहा फूट अंतरासाठी एक इंच उंचीचे अक्षर असा हिशेब धरतात. चाळीस-पन्नास फुटांवरून वाचायचे तर अक्षर चार-पाच इंचांचे हवे, आणि वेलांट्या-मात्रांसाठी वरखाली आणखी जागा सोडावी लागते. जोडाक्षरे लांबून एकमेकांत मिसळतात. ‘पूर्णत्व’ वाचायला थांबावे लागते, तर ‘ओसरी’ चालता चालता वाचता येते. जो थांबून पाटी वाचायलाच संकोचतो, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून कर्मचारी कितीही कमी असले तरी नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक आहे. अन्य लिपीत नाव लिहिता येते, पण मराठी अक्षरे त्याहून लहान असून चालत नाहीत. म्हणून नाव आधी इंग्रजीत सुचून मागाहून देवनागरीत ओढूनताणून बसवलेले नसावे. ते देवनागरीतच जन्मलेले बरे.

दुसरी गोष्ट व्यापारचिन्हाची. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार केवळ सेवेचे वा ठिकाणाचे वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सामान्यतः होत नाही. इथे एक पेच आहे. ‘रामनगर योगवर्ग’ हे नाव कोणालाही घाबरवणार नाही, पण उद्या पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याने तसेच नाव लावले तर त्याला अडवणे कठीण. पूर्णपणे घडवलेला शब्द सुरक्षित असतो, पण तो परका वाटतो. ‘ओसरी योगवर्ग’ मधला मार्ग काढते. पहिला शब्द ओळखीचा आहे, परंतु योगाचे वर्णन करणारा नाही, आणि दुसरा शब्द आत काय आहे ते सांगतो. पाटीवर खर्च करण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर, शिक्षण-प्रशिक्षणाच्या ४१ क्रमांकाच्या वर्गात, तेच किंवा तत्सम उच्चाराचे नाव आधी कोणी घेतले आहे का, हे विनामूल्य शोधता येते. एका खोलीच्या वर्गाला नोंदणीची घाई नसते, हा शोध मात्र टाळू नये.

नावाने दिलेले वचन

नाव कितीही जवळचे असले तरी सगळ्या भीती त्यात मावत नाहीत. उरलेल्यांसाठी पाटीची दुसरी ओळ असते. ‘शरीर लवचीक बनवा’ यासारखी घोषणा तिथे घातली तर नावाने कमावलेले ती गमावते. त्याऐवजी टिपणातल्या उत्तरांना साधी, खरी माहिती द्यावी: ‘पहिल्यांदाच योग करणाऱ्यांसाठी. खुर्चीवर बसूनही शिकता येते. पहिला दिवस नुसता पाहण्याचा.’ चित्राबाबतही तीच काळजी घ्यावी. एका पायावर तोल सावरणाऱ्या कृश तरुणीची आकृती पाटीवर असेल, तर ‘ओसरी’ हा शब्द कोणी वाचणार नाही. डोळा अक्षरांच्या आधी चित्र वाचतो. योग्य चित्र नसेल तर पाटी चित्राविना ठेवावी.

आणि मग जिना चढून आल्यावर खरोखरच ओसरी हवी. दाराजवळ तीन-चार खुर्च्या, चपला काढताना धरायला काहीतरी आधार, घरून चटई न आणणाऱ्यासाठी स्वच्छ चटई, आणि पहिल्या दिवशी पैशाचा विषय न काढणारी व्यक्ती. ॐकाराने वर्ग सुरू होत असेल तर तसे आधी सांगावे आणि न म्हणणाऱ्याला गप्प बसण्याची मोकळीक असावी. ओसरी म्हणून बोलावले आणि दारातच वर्षभराच्या शुल्काचा कागद पुढे केला, तर ‘पीठ’ हे नाव अधिक प्रामाणिक ठरले असते.

नाव काम करते आहे की नाही, हे कसे ओळखावे? पहिल्या महिन्यातील चौकशीचे दूरध्वनी वहीत टिपावेत आणि पहिला प्रश्न कोणता होता तेवढेच लिहावे. ‘मला जमेल का?’, ‘वयाची अट आहे का?’, ‘तुमच्याकडे सगळे तरुण असतात का?’ असे प्रश्न अधिक असतील, तर नाव आणि दुसरी ओळ अजून भीतीपर्यंत पोहोचलेली नाही. अशा वेळी आधी दुसरी ओळ बदलावी, कारण ते स्वस्त असते. ‘सकाळची तुकडी किती वाजता?’ असा थेट प्रश्न येऊ लागला, तर आपण येथे चालू का, ही शंका पाटीने परस्पर फेडली आहे असे समजावे. आणि दूरध्वनीच येत नसतील तर दोष नावाला देऊ नये. पाटी झाडाआड असेल, वेळ गाडीच्या वेळेशी जुळत नसेल किंवा जिन्यातला दिवा बंद असेल.

नावाची मर्यादाही हीच. ते कोणाला आसन शिकवत नाही, गुडघे बरे करत नाही आणि वाईट शिक्षकाला तारतही नाही. त्याचे काम पाटी आणि जिना यांच्यातल्या पाच-सहा पावलांपुरते आहे. पण भाजीची पिशवी घेऊन खाली थांबलेल्या त्या गृहिणीचा निर्णय होतो तो तेवढ्याच पावलांत.